चॉकलेटच्या तीन बातम्या : बारावीच्या वर्गासाठी चर्चेचे प्रश्न तयार करतानाच्या नोंदी

२८ जून

परळच्या कॉलेजातली बारावी कला शाखेची मुलं. शनिवारचे शेवटचे दोन तास जोडून मिळाले आहेत. अभ्यासक्रमाबाहेरची एक कादंबरी वाचायची आणि त्यावर बोलायचं, एवढंच. बहुतेक मुलं मराठी माध्यमातून आलेली. वाचन इंग्रजीत आणि चर्चा मराठीत, असं पहिल्या दिवशीच सांगून टाकलं.

कादंबरी जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’. एकाच पक्षाच्या हुकूमशाहीत सरकारी नोकरी करणाऱ्या विन्स्टनची गोष्ट. पूर्ण पुस्तक या वेळात होणार नाही. पहिला भाग सगळा वाचायचा, पुढच्या दोन भागांतली निवडक प्रकरणं घ्यायची आणि मधली कथा मी सांगायची. निवड करायला आणखी एक कारण आहे. तिसऱ्या भागातल्या छळाच्या प्रसंगांसाठी या वयाच्या मुलांबरोबर वेगळी तयारी लागते, आणि ती घाईत होत नाही.

झेरॉक्सबद्दल दोन सहकाऱ्यांनी विचारलं, म्हणून लिहून ठेवते. ऑर्वेल १९५० च्या जानेवारीत गेला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, त्यामुळे मूळ इंग्रजी मजकूर २०११ पासून मोकळा आहे. भाषांतरांचं तसं नाही, त्यांचे हक्क वेगळे असतात. कॉलेजसमोरच्या दुकानात दोन्ही बाजूंनी छापून पानाला दीड रुपया पडला. समास मोठा ठेवून घ्या, मुलांना तिथेच लिहायचं असतं. पैसे वाचवायला मी पहिला संच अरुंद समासाचा काढला होता. तो बाजूला ठेवावा लागला आणि खर्च दुप्पट झाला.

५ जुलै

प्रश्नांची पहिली यादी झाली. सोप्यापासून अवघडाकडे जाणारी, बी.एड.ला शिकवतात तशी: आधी आठवणीचे, मग समजेचे, मग विश्लेषणाचे, शेवटी मूल्यमापनाचे. आठवणीत ‘विन्स्टन कोणत्या खात्यात काम करतो?’, ‘चार खात्यांची नावं सांगा’. मूल्यमापनात ‘सरकारने जनतेपासून सत्य लपवणं योग्य आहे का?’, ‘स्वातंत्र्य महत्त्वाचं की सुरक्षितता?’.

संध्याकाळी ही यादी माझ्या भावाला दिली. त्याने कादंबरी वाचलेली नाही. आठवणीचे प्रश्न त्याला आले नाहीत, ते अपेक्षितच होतं. शेवटच्या दोन प्रश्नांवर मात्र तो छान बोलला. लोकशाहीत पारदर्शकता हवी, पण युद्धकाळात काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात, वगैरे. ऐकता ऐकता अडचण कळली. ज्या प्रश्नाचं उत्तर पुस्तक न वाचता तितकंच चांगलं देता येतं, तो प्रश्न त्या पुस्तकावरचा नाही, निबंधाचा विषय आहे. मुलं त्यावर निबंधच बोलतील.

तेव्हापासून मी प्रत्येक प्रश्न आधी न वाचलेल्या माणसाला विचारून पाहते. पाच मिनिटं लागतात.

१२ जुलै

पहिली चर्चा. निबंधाचे प्रश्न काढून टाकले होते, बाकी यादी तशीच होती. आठवणीच्या प्रश्नांना उत्तरं फटाफट आली: सत्य खातं, शांतता खातं, प्रेम खातं, विपुलता खातं. अर्धा तास मजेत गेला. मग मी विचारलं, “विन्स्टनचं वागणं तुम्हाला कसं वाटतं?” आणि वर्ग गप्प झाला. एक मुलगी म्हणाली, “चांगलं आहे मॅडम, तो विरोध करतो.” पुढे कुणी काही बोललं नाही.

लोकलमध्ये परत येताना विचार करत होते. मुलांना खात्यांची नावं येत होती, पण विन्स्टनच्या वागण्याबद्दल बोलायला ती नावं काहीच कामाची नव्हती. वरच्या प्रश्नाला जो माल लागतो तो खालच्या प्रश्नांनी पुरवलाच नव्हता. सोपे प्रश्न एका बाजूला, अवघड दुसऱ्या बाजूला, मध्ये काही जोडलेलं नाही.

१४ जुलै

यादी उलटीकडून बांधायला घेतली. आधी मूल्यमापनाचा एकच प्रश्न ठरवायचा. त्याचं उत्तर देताना विद्यार्थ्याच्या हातात काय काय असायला हवं ते लिहायचं. त्यातलं जे थेट पानावर सापडतं ते आठवणीचे प्रश्न होतात, आणि जे दोन पानं शेजारी ठेवल्यावर दिसतं ते विश्लेषणाचे. ज्याचा वर उपयोग नाही ते सगळं गाळायचं. चार खात्यांची नावं अशी गेली.

प्रश्नासाठी कादंबरीतला धागा निवडला तो चॉकलेटचा. पहिल्या भागात तो तीन ठिकाणी येतो आणि तिन्ही ठिकाणं जवळजवळ आहेत.

दुसऱ्या प्रकरणात टेलिस्क्रीनवर, म्हणजे घरोघरी लावलेल्या सरकारी पडद्यावर, बातमी येते: मलबार आघाडीवर, दक्षिण भारतात, आपल्या सैन्याचा मोठा विजय झाला. त्यापाठोपाठ सांगितलं जातं की पुढच्या आठवड्यापासून चॉकलेटचं रेशन तीस ग्रॅमवरून वीसवर येईल. चौथ्या प्रकरणात विन्स्टन कामावर आहे. वृत्तपत्राच्या जुन्या अंकांतला मजकूर सरकारला हवा तसा बदलणं हे त्याचं काम. फेब्रुवारीत विपुलता खात्याने वचन दिलं होतं की १९८४ मध्ये चॉकलेट कमी होणार नाही. ते छापील वचन विन्स्टन बदलतो आणि त्या जागी ‘एप्रिलमध्ये कपात करावी लागण्याची शक्यता आहे’ असा इशारा टाकतो. पाचव्या प्रकरणात, त्याच दिवशी दुपारी कँटीनमध्ये, टेलिस्क्रीन सांगतो की चॉकलेट वीस ग्रॅमपर्यंत *वाढवल्याबद्दल* पक्षाचा सर्वोच्च नेता बिग ब्रदर याचे आभार मानायला लोकांनी मिरवणुका काढल्या. विन्स्टनला धक्का बसतो. कालच कपात जाहीर झाली, चोवीस तासांत लोक हे कसं गिळतात? आठवण असलेला मी एकटाच आहे का?

मला हवा होता तो प्रश्न इथेच आहे. दुपारी इतरांवर संतापण्याचा विन्स्टनला हक्क आहे का? सकाळी त्याने स्वतः तेच काम केलेलं आहे. शिवाय चौथ्या प्रकरणात लिहिलंय की त्याला आयुष्यात सर्वांत जास्त आनंद याच कामात मिळतो.

माझ्या भावाला हा प्रश्न विचारला. तो म्हणाला, “कोण विन्स्टन? कशावर संतापला?” प्रश्न पास झाला.

१९ जुलै

नवी यादी घेऊन पहिला तास. आठवणीचे प्रश्न असे होते. चॉकलेटच्या बातमीच्या लगेच आधी कोणती बातमी आली? जुना आकडा किती, नवा किती, आणि कधीपासून? फेब्रुवारीत काय वचन होतं? विन्स्टनने त्या जागी काय लिहिलं? कँटीनमध्ये कोणतं क्रियापद वापरलं? प्रत्येक उत्तराशेजारी समासात प्रकरण आणि ओळ लिहायची अशी अट घातली. ही अट महत्त्वाची आहे. गाइडमधून किंवा मोबाइलवरच्या सारांशातून आलेल्या उत्तराला ओळ दाखवता येत नाही.

‘मलबार’ ऐकून दोघांनी मलबार हिल समजलं. मग फळ्यावर नकाशा काढून केरळचा किनारा दाखवला आणि पुढे गेलो. एवढ्याने तीन-चार मुलं एकदम जागी झाली. आपला देश त्या जगात फक्त रणभूमी म्हणून येतो हे त्यांना बोचलं. तो विषय मी वाढवला नाही, पण कागदावर नोंदवून ठेवला.

समजेच्या पायरीवर एकच प्रश्न ठेवला: विजयाची बातमी आधी आणि कपातीची नंतर, हा क्रम उलटा असता तर काय झालं असतं? इथे वर्ग मोकळा झाला. घरी वाईट बातमी सांगायची असते तेव्हा आई आधी चहा देते, असं एकाने सांगितलं. मी त्याला थांबवून विचारलं, “आई बातमी बदलते का?” तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, “नाही, फक्त वेळ निवडते.” हा फरक पुढे लागणार होता. तो त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहून ठेवला.

वेळेबद्दल सांगायचं तर आठवणीला वीस मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. ओळी शोधण्यात मुलं रमतात, आपणही रमतो, आणि तास संपतो.

२६ जुलै

पावसामुळे हार्बर लाईन रखडली. निम्मा वर्ग उशिरा आला, दोन तासांतला सव्वा तास उरला. त्यात फक्त विश्लेषण घेतलं.

प्रश्न होता: तिन्ही बातम्या एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक बातमी कोणत्या दिवसाची आहे ते ठरवा. चार-चारचे गट केले. अपेक्षा एवढीच होती की हे सगळं चोवीस तासांत घडतं हे त्यांना दिसावं. गटांनी त्यापलीकडचं शोधलं.

खिडकीजवळच्या गटातल्या मुलीने विचारलं, “मॅडम, कपात पुढच्या आठवड्यापासून आहे ना? मग मिरवणूक निघाली त्या दिवशी रेशन अजून तीसच आहे.” आम्ही पान उघडून पाहिलं. दुसऱ्या प्रकरणात ‘पुढच्या आठवड्यापासून’ आणि चौथ्यात ‘या आठवड्याच्या शेवटी’. म्हणजे हातात तीस ग्रॅम असताना लोक वीस ग्रॅम मिळाल्याचे आभार मानत आहेत. ही कादंबरी मी इतकी वर्षं वाचते आहे, हे मला कधी दिसलं नव्हतं.

दुसऱ्या गटाचं निरीक्षण आणखी कामाचं निघालं. विन्स्टनने सकाळी फेब्रुवारीच्या अंकात टाकलं ‘कपात होईल’. दुपारी जाहीर झालं ‘वाढ झाली’. मग त्याने सकाळी केलेली दुरुस्तीही आता चुकीची ठरली. तो अंक पुन्हा कुणीतरी बदलायला हवा. मी त्यांना चौथ्या प्रकरणातलं वाक्य शोधायला सांगितलं. ते त्यांना सापडलं: काही अंक डझनभर वेळा नव्याने लिहिले गेले आणि तरी मूळ तारखेनेच फाइलीत उभे आहेत. ते वाक्य मुलांनी आधीही वाचलं होतं, पण आता त्यांना ते कशाबद्दल आहे ते कळलं.

हे दोन्ही शोध लागले ते गेल्या वेळी ‘कधीपासून?’ आणि ‘कोणतं क्रियापद?’ हे प्रश्न विचारले होते म्हणून. आठवणीचा प्रश्न किती क्षुल्लक दिसतो यावर त्याची किंमत ठरवू नये. पुढच्या पायरीवर तो कुठे लागतो ते पाहावं.

याच प्रकरणातल्या बुटांच्या आकड्यांवरचा प्रश्न ठेवला होता, तो गाळला. अंदाज साडेचौदा कोटी जोड, प्रत्यक्षात सहा कोटी वीस लाख, आणि विन्स्टन अंदाजच खाली आणून पाच कोटी सत्तर लाख करतो. उदाहरण उत्तम आहे, पण त्याच तासाला दुसरे आकडे आणले तर मुलं दोन्हींत गोंधळतात. पुढच्या वर्षी ते गृहपाठाला देईन.

२ ऑगस्ट

मूल्यमापन. विन्स्टनला संतापण्याचा हक्क आहे का?

पहिली दहा मिनिटं ‘आहे’ आणि ‘नाही’ यांत गेली. हात वर करा म्हटलं तर वर्ग दोन तटांत वाटला गेला आणि मग प्रत्येक जण आपला तट धरून बसला. मूल्यमापनाचा प्रश्न हो-नाहीवर विचारला की असं होतंच. मत आधी ठरतं आणि पुरावे मागून गोळा होतात.

तिथेच थांबून प्रश्न बदलला. ‘हक्क आहे असं म्हणायला विन्स्टनकडून किमान काय दिसायला हवं होतं?’ म्हणजे आधी कसोटी ठरवा, मग माणूस तिच्यावर तपासा. मुलांनी कसोट्या सांगितल्या. त्याने काम नाकारायला हवं होतं. किंवा काम करताना त्याला लाज वाटायला हवी होती. किंवा निदान खरं काय ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं. मग पानं उघडली. काम नाकारलं? नाही. लाज? चौथ्या प्रकरणात तर काम करताना तो रंगून जातो. लिहून ठेवलं? डायरी आहे खरी.

इथे एक मुलगा म्हणाला, “पण डायरीत चॉकलेटबद्दल एक शब्द नाही.” दोघांनी ते लगेच तपासायला घेतलं. दुसऱ्याने उत्तर दिलं, “नाकारलं असतं तर तो संपला असता. मग आठवण ठेवणारा कुणीच उरला नसता.” पहिला म्हणाला, “उरला तरी तो कुणाला सांगतोय?” इथपासून वर्ग माझ्याकडे न बघता एकमेकांशी बोलू लागला. एका मुलीने १९ जुलैच्या तासाची फळ्यावरची ओळ काढली: “आई वेळ निवडते, विन्स्टन बातमी बदलतो. म्हणून त्याचं जास्त वाईट.”

शेवटी प्रत्येकाने पाच वाक्यं लिहिली: माझी कसोटी, तिच्या बाजूची एक ओळ, विरुद्धची एक ओळ, माझा निर्णय, आणि कशामुळे माझा निर्णय बदलेल. पाचवं वाक्य सर्वांत अवघड गेलं. काहींनी ते कोरं सोडलं. पुढच्या वेळी त्यासाठी वेगळी दहा मिनिटं ठेवणार.

१६ ऑगस्ट

दहीहंडीमुळे तास नाही. आधीचा शनिवार राखीपौर्णिमेत गेला. ऑगस्टमध्ये असा उपक्रम आखताना मुंबईच्या सुट्ट्या आधी कॅलेंडरवर मांडा.

या वेळात पाच वाक्यांचे कागद तपासले. गुण दिले नाहीत. फक्त एक खूण केली: दाखवलेली ओळ खरोखर कसोटीशी जोडलेली आहे की नुसती सापडली म्हणून लिहिली आहे. बऱ्याच कागदांवर दुसरा प्रकार होता. विश्लेषणाकडून मूल्यमापनाकडे जाताना मुलं इथेच अडखळतात. पुरावा असतो, निर्णय असतो, ‘म्हणून’ नसतो. तासाला तोंडी एकच उपाय चालला. कुणी ओळ वाचली की मी विचारते, “त्यावरून काय?” आणि थांबते. दहा-बारा सेकंद शांत राहणं जड जातं, पण मध्ये बोललं की उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

२३ ऑगस्ट

शेवटची पायरी, पुस्तकाबाहेर नेणारी. मुलं इथे वरवरची तुलना करतात म्हणून ही मी मुद्दाम मूल्यमापनानंतर ठेवली. आधी ठेवली की सगळं बोलणं आजच्या बातम्यांवर जातं आणि पुस्तक मिटतं.

उदाहरण एकच घेतलं, आणीबाणीचं. जून १९७५ मध्ये वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला तेव्हा इंडियन एक्सप्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. प्रश्न: ही कोरी जागा आणि विन्स्टनने बदललेला अंक, दोन्हींत छापायचं ते छापलं गेलं नाही. वाचकाच्या दृष्टीने फरक काय?

गटांना पंधरा मिनिटं दिली. एका गटाने लिहिलं की कोरी जागा पाहून वाचकाला कळतं काहीतरी काढलं आहे, तो दुसऱ्याला विचारू शकतो. बदललेल्या अंकात विचारण्यासारखं काही दिसतच नाही. दुसऱ्या गटाने हरकत घेतली. कोरी जागाही दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. आठवायला माणूस लागतोच. मग ते परत कँटीनवर गेले. तिथे जुना अंक कुणाच्या हातात नव्हता, तरी तीस हा आकडा प्रत्येकाने कालच ऐकला होता. तिथे कागद नाही, माणसंच हरली होती.

त्यावरून यादीत आधी नसलेला प्रश्न तयार झाला. कँटीनमध्ये एकच घोषणा तीन जण तीन प्रकारे गिळतात. विन्स्टनचा शेजारी पार्सन्स सहज, जनावराच्या मूढपणाने. शेजारच्या टेबलावरचा चष्म्याआड डोळे न दिसणारा माणूस त्वेषाने. तीस म्हणणाऱ्याला तो शोधून संपवेल. त्याचा सहकारी साइम अधिक गुंतागुंतीने, कळत असून. पक्षाला यांतला कोण सर्वांत उपयोगी? बहुतेकांनी त्वेषवाला सांगितला. मग मी पुढची कथा सांगितली. साइम एके दिवशी नाहीसा होतो. पार्सन्सला त्याची स्वतःची लहान मुलगी पकडून देते, झोपेत तो बिग ब्रदरविरुद्ध बोलला म्हणून, आणि त्याला तिचा अभिमान वाटतो. त्वेषवाल्याचं काय झालं हे मी सांगितलं नाही. मुलांनी उत्तरं पुन्हा लिहिली, आणि या वेळी बऱ्याच जणांनी खोडून लिहिली.

पुढच्या तुकडीसाठी हा प्रश्न पाचव्या प्रकरणानंतर लगेच विचारायचा, उत्तरं पाकिटात बंद करायची आणि तिसऱ्या भागातला पार्सन्सचा प्रसंग सांगून झाल्यावर परत द्यायची. आठवणीच्या यादीत त्यासाठी एक भर घातली आहे: तिघांपैकी प्रत्येकाच्या गिळण्याला लेखकाने कोणते शब्द वापरले ते ओळीसह लिहा.